सायीचा डबा: दिवस कुठून मोजायचे?

"काकू, आमच्याकडे रोज एक लिटर म्हशीचं दूध येतं. तापवून गार झाल्यावर आलेली साय मी फ्रीजमध्ये डब्यात साठवते आणि पंधरा दिवसांनी एकदम तूप करते. कधी छान होतं, कधी कडवट आणि उग्र वासाचं. सासूबाई म्हणतात, चार दिवसांपलीकडे साय ठेवूच नये. आई म्हणते, महिनाभर सहज राहते. आत्ताही बारा दिवसांचा डबा फ्रीजमध्ये आहे. नक्की किती दिवस ठेवायची?"

तुमच्या सासूबाई आणि आई, दोघीही बरोबर सांगतायत. फक्त दोघींच्या डोळ्यांसमोरचा डबा वेगळा आहे. नुसती साय, म्हणजे विरजण न लावलेली, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चार दिवस चांगली राहते, फार तर पाच. पहिल्या दिवसापासून नीट विरजण लावून आंबवत नेलेली साय त्याच फ्रीजमध्ये आठ दिवस राहते, थंडीत दहासुद्धा. आणि नुसती साय रोजच्या रोज फ्रीजरमध्ये गेली तर तीन आठवडे निर्धास्त राहते. महिना ही मी शेवटची हद्द धरते. सासूबाई पहिल्या डब्याबद्दल बोलतायत, आई बहुधा तिसऱ्या. तुम्ही मात्र पहिल्या डब्याला तिसऱ्याचे दिवस लावताय.

हे सगळे दिवस डब्यात पडलेल्या पहिल्या सायीपासून मोजायचे. रोज वरून ताजी साय पडते म्हणून डबा ताजा वाटतो, पण तळाशी पहिल्या दिवसाची साय बसलेली असते. तिच्यात जे बिघडलं असेल ते वरच्या सायीत उतरतं. पंधराव्या दिवशी तुम्ही तूप करता तेव्हा त्यातली पाच दिवसांची साय उत्तम असते, पण तिची चव तळाची साय ठरवते.

मी आधी काही वर्षं एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासायचे. गेली वीस वर्षं घरी साजूक तूप करून देते. कडू तुपाची तक्रार घेऊन येणाऱ्या दहांपैकी आठजणींचं कढवणं बरोबर असतं. बिघाड आधीच, डब्यात झालेला असतो.

मग साय फ्रीजमध्ये असून कडू का होते? साय म्हणजे निव्वळ लोणी नाही. तिच्यात स्निग्धांश असतो, तसंच दुधातलं प्रथिन, थोडी दुधाची साखर आणि बरंचसं पाणी असतं. दूध उकळल्यावर बहुतेक जंतू मरतात. पण साय काढताना चमच्यावरून, डब्याच्या कडेवरून, झाकणाच्या रबरातून आणि फ्रीजमधल्या हवेतून नवे जंतू तिच्यात पडतात. यातले काही थंडीला जुमानत नाहीत. ४ अंशांवर ते वाढायचे थांबत नाहीत, फक्त सावकाश वाढतात. पहिले तीन-चार दिवस त्यांची संख्या इतकी कमी असते की नाकाला, जिभेला काही कळत नाही. त्यानंतर कळायला लागतं.

हे जंतू दोन प्रकारचा बिघाड करतात आणि तो ओळखता येणं फार उपयोगाचं आहे. पहिला कडवटपणा. प्रथिनाचे तुकडे पडतात आणि त्यातले काही तुकडे जिभेला कडू लागतात. ते पाण्यात विरघळणारे असल्यामुळे घुसळल्यावर बरेचसे ताकात जातात आणि लोणी दोन-तीनदा धुतलं की आणखी कमी होतात. म्हणून कधी ताक कडू लागतं आणि तूप मात्र ठीक निघतं. दुसरा खवटपणा. यात स्निग्धांशच फुटतो आणि त्यातली आम्लं मोकळी होतात. वास आधी उग्र, घामट येतो आणि पुढे साबणासारखा. हा बिघाड स्निग्धांशातच असल्यामुळे लोणी कितीही धुतलं तरी पुरता जात नाही. कढवताना काही वास वाफेबरोबर उडतो, घरभर पसरतो आणि आपल्याला वाटतं गेला. दोन दिवसांनी तुपाची बरणी उघडली की तो परत भेटतो. तुम्ही 'कडवट, उग्र वासाचं' असं लिहिलंय. तुमच्या डब्यात दोन्ही झालंय.

एक गोष्ट सुटं दूध घेणाऱ्यांसाठी. गोठ्यावरून आलेलं कच्चं दूध सकाळी फ्रीजमध्ये ठेवायचं आणि रात्री किंवा दुसऱ्या दिवशी तापवायचं, असं पुष्कळ घरी होतं. त्या वेळात कच्च्या दुधातले थंडीत वाढणारे जंतू स्निग्धांश आणि प्रथिन फोडणारे पाचक द्रव तयार करून ठेवतात. नंतर दूध उकळलं की जंतू मरतात, पण हे द्रव त्या उष्णतेतूनही काही प्रमाणात टिकतात आणि सायीत आपलं काम चालू ठेवतात. अशा दुधाची साय कितीही निगुतीनं ठेवली तरी लवकर खवट होते. सुटं दूध आलं की लगेच तापवा. पिशवीचं दूध डेअरीतून तापवून गार होऊन आलेलं असतं, तिथे ही भीती कमी.

आता साय काढण्याकडे. डब्यातले दिवस खरे इथेच कमी-जास्त होतात.

दूध उतू न देता उकळा आणि मग आच बारीक करून पाच-सात मिनिटं ठेवा. साय जाड धरते. गार होताना वर घट्ट झाकण ठेवू नका, जाळी ठेवा. घट्ट झाकणाखाली वाफेचं पाणी होतं, ते सायीवर ठिबकतं आणि साय पाणचट होते. साधारण दोन तासांत पातेलं फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. एप्रिल-मे महिन्यात पुण्यात दुपारी ओट्यावर दूध लवकर निवत नाही. तेव्हा परातीत गार पाणी घालून त्यात पातेलं ठेवा, अर्ध्या तासात काम होतं. मग फ्रीजमध्ये सहा-आठ तास हलवू नका. या वेळात स्निग्धांश वर येतो, गोठतो आणि भाकरीसारखी अख्खी साय निघते. कोमट दुधावरची साय काढली तर निम्मा ऐवज दुधातच राहतो.

काढताना चमच्याऐवजी भोकांचा झारा घ्या आणि पातेल्यावर क्षणभर धरून दूध निथळू द्या. ही बारीकशी गोष्ट मी फार महत्त्वाची मानते. सायीबरोबर दूध आलं की ते डब्याच्या तळाशी जमतं, आणि आधी नासतं ते दूधच. डबा तिरका करून पाहा. तळाशी पातळ पाणी हललं, तर सांगितलेल्या मुदतीतला एक दिवस वजा करा. झारा आणि डबा कोरडे हवेत, उकळतं पाणी ओतून वाळवलेले. कालच्या आमटीचा चमचा नुसता विसळून सायीत घालू नये. डबा स्टीलचा किंवा काचेचा घ्या, कल्हई उडालेलं तांब्या-पितळेचं भांडं नको, कारण तांब्याच्या संपर्कानं स्निग्धांश लवकर खवट होतो. झाकण घट्ट हवं, कारण साय वास फार पटकन ओढते. चिरलेल्या कांद्याची वाटी शेजारी उघडी असेल तर तुपात कांदा येतो. आणि डबा फ्रीजच्या दारात ठेवू नका. दार दिवसातून तीसदा उघडतं. आत, मागच्या भिंतीलगत ठेवा.

आता विरजण. रोज लिटरभर म्हशीचं दूध असलेल्या घराला मी हीच पद्धत सुचवते. तुपाला खरी चव आणि रवाळपणाही मला यातच मिळालाय. पण यात एक चूक जवळजवळ सगळीकडे होते. गार सायीत चमचाभर दही घालतात, डबा लगेच फ्रीजमध्ये ठेवतात आणि म्हणतात, "मी विरजण लावते की!" ते विरजण लागलेलंच नसतं. दह्यातले जंतू उबेत काम करतात, फ्रीजच्या थंडीत ते नुसते पडून राहतात. थंडीत वाढणारे जंतू मात्र आपलं काम चालू ठेवतात. दही घातल्याचं समाधान आणि साय मात्र नुसतीच. साय आधी बाहेर आंबली पाहिजे आणि मग थंडीत गेली पाहिजे. तिच्यात आंबटपणा आला की नासवणाऱ्या जंतूंना तो सोसत नाही आणि तेवढ्यानं चारचे आठ दिवस होतात.

तुमच्याच दुधावर हिशेब करू. म्हशीच्या दुधाच्या पिशवीवर फॅट ६ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे लिटरमागे साधारण ६० ग्रॅम स्निग्धांश. नीट गार करून साय काढली तर त्यातला अर्ध्याहून थोडा जास्त वर येतो. साय भरते ८० ग्रॅमच्या आसपास.

समजा सोमवारी सुरुवात केली. पहिली साय वाटीत काढून अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा, तिचा गारठा जाऊ दे. मग ताज्या, गोडसर दह्याचा अर्धा चमचा तिच्यात चांगला फेटून घाला. चार दिवसांचं आंबट दही नको, त्यातला वास पुढे तुपापर्यंत जातो. झाकून ओट्यावर ठेवा. मे महिन्यात चार-पाच तास पुरतात, डिसेंबरात रात्रभर. साय घट्ट झाली आणि आंबूस, गोड वास आला की डबा फ्रीजमध्ये.

मंगळवारी नवी साय त्याच डब्यात घाला आणि तळापर्यंत ढवळा. वर नुसती ठेवून दिली तर ती नुसतीच राहते, खालच्या आंबटपणाचा तिला उपयोग नाही. मंगळवारी जुनी आणि नवी साय निम्मी-निम्मी असते, त्यामुळे आंबटपणाही निम्म्यावर येतो. म्हणून मंगळवारी आणि बुधवारी ढवळून झाल्यावर डबा दोन तास बाहेर राहू द्या, थंडीत तीन तास. गुरुवारपासून डब्यात आंबलेली साय भरपूर असते. आता नवी साय ढवळून लगेच आत ठेवली तरी चालते.

पुढच्या सोमवारी आठवी साय घाला आणि त्या रात्री डबा लगेच आत ठेवू नका. हिवाळ्यात रात्रभर, उन्हाळ्यात झोपायच्या आधी चार तास बाहेर राहू द्या आणि मग आत ठेवा. सगळी साय एकसारखी आंबते आणि लोणी एका दमात येतं. मंगळवारी सकाळी साधारण ६४० ग्रॅम साय हाताशी असेल.

घुसळताना पाण्याच्या थंडीवर सगळं आहे. उन्हाळ्यात बर्फाचं पाणी घाला, नाहीतर लोणी मऊ होऊन ताकातच विरतं आणि ताक तेलकट दिसतं. हिवाळ्यात उलट, साय इतकी घट्ट असते की थोडं कोमट पाणी घातल्याशिवाय लोणी सुटत नाही. रवी असो की मिक्सर, आधी साय फुगते, जड होते, मग एकाएकी रवा दिसायला लागतो आणि पातळ ताक वेगळं होतं. तिथे थांबा. आणखी थोडं गार पाणी घालून लोण्याचा गोळा करा आणि धुण्याचं पाणी जवळजवळ नितळ येईपर्यंत दोन-तीनदा धुवा. ३२०-३३० ग्रॅम लोणी येईल.

ते त्याच दिवशी कढवा. जाड बुडाचं पातेलं, मध्यम आच. आधी पांढरा फेस, मग मोठे बुडबुडे आणि चरचर आवाज. हा आवाज पाण्याचा आहे. तो मंदावला, बुडबुडे बारीक झाले आणि तळाची बेरी बदामी दिसली की आच बंद करा, पुढचा रंग पातेल्याच्या उष्णतेनं येतो. घाईनं आधीच उतरवलं तर तुपात पाणी राहतं आणि चांगल्या सायीचं तूपही महिन्याभरात वासाला लागतं. विड्याचं पान घालायचं तर शेवटी, आच बंद करण्याच्या जरा आधी घाला. गाळल्यावर अडीचशे ग्रॅमच्या आसपास तूप हाती येईल. एवढ्या दुधात याहून फार कमी आलं, तर साय कोमट दुधावरून काढली गेली किंवा लोणी ताकात गेलं असं समजा.

इथे एक शंका नेहमी येते: एवढं उकळल्यावर जंतू मरतातच, मग साय जरा जुनी असली तर काय बिघडलं? जंतू मरतात हे खरं. पण त्यांनी आधी केलेला खवटपणा उकळून जात नाही, आणि काही जंतूंनी सोडलेली विषं उष्णतेला दाद देत नाहीत. कढवणं म्हणजे बिघडलेली साय दुरुस्त करणं नव्हे.

ज्यांच्याकडे गाईचं अर्धा लिटर दूध येतं त्यांचं गणित वेगळं आहे. दिवसाला ३० ग्रॅम साय मिळते, तीही पातळ. आठ दिवसांत पाव किलोसुद्धा जमत नाही आणि इतकी कमी साय घुसळायला नको वाटतं. होमोजिनाइज्ड दुधात तर स्निग्धांशाचे कण इतके बारीक केलेले असतात की ते वर येत नाहीत, साय नावापुरती धरते. अशा घरांनी फ्रीजरच वापरावा, पण त्यालाही शिस्त आहे. साय रोजच्या रोज फ्रीजरमध्ये गेली पाहिजे. पाच दिवस खाली ठेवून मग वर टाकली, तर ती पाच दिवसांचीच साय गोठते. फ्रीजरमध्ये गेल्यावर पुढचे दिवस थांबतात, मागचे पुसले जात नाहीत. जंतू तिथे मरत नाहीत, झोपतात. डबा उथळ घ्या, साय पातळ थरात पसरा, म्हणजे झटकन गोठते. विरजण इथे लावायचं नाही, ते शेवटी.

तीन आठवड्यांची हद्द स्वतंत्र दाराच्या फ्रीजरसाठी आहे, जिथे उणे १८ अंशांच्या आसपास थंडी असते. जुन्या एकदारी फ्रीजच्या वरच्या बर्फाच्या खणात तेवढी थंडी नसते. तिथे साय कडक होते, पण पुरती गोठत नाही. त्या खणात मी दहा-बारा दिवसांपलीकडे जात नाही. आणि पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते तेव्हा फ्रीजचं दार उघडू नका. चार-पाच तासांत बंद फ्रीजरमधली साय कडकच राहते. ती मऊ पडलीच, तर परत गोठवू नका, त्याच दिवशी विरजण लावा.

फ्रीजरची साय काढाल तेव्हा आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवा. सकाळी ती दाणेदार आणि पाणी सुटल्यासारखी दिसेल. ती नासलेली नाही. गोठताना स्निग्धांशाच्या कणांवरची आवरणं फुटतात, म्हणून तशी दिसते आणि म्हणूनच तिचं लोणीही लवकर येतं. कोमट होऊ द्या, अर्ध्या किलोला दोन चमचे ताजं दही लावा, आठ-दहा तास बाहेर ठेवा आणि मग घुसळा.

फ्रीजरची साय महिन्यापलीकडे का नको, तर जंतू थांबले तरी हवा थांबत नाही. स्निग्धांश हवेनं हळूहळू खवट होतच असतो, वरून बर्फाचे वास लागतात. दोन महिन्यांच्या सायीचं तूप खाण्यालायक असतं, पण त्याला जुन्या पेटीसारखा वास येतो. असं तूप मी कुणाला विकणार नाही.

साय चांगली आहे की नाही हे कसं ओळखायचं, यासाठी मी एक अनुभव सांगते. एका दिवाळीच्या आधी ऑर्डरी जास्त होत्या, घरची साय पुरेना, म्हणून एका दुकानातून पाच किलो साय आणली. डबा उघडून वास घेतला, काही जाणवलं नाही. लोणी छान आलं. कढवायला लागले आणि स्वयंपाकघरात साबणाचा वास भरला. सगळं तूप टाकावं लागलं. गार सायीला वास फारसा सुटत नाही, हे त्या दिवशी पटलं. तेव्हापासून मी घुसळण्याआधी पळीत चमचाभर साय घेऊन गॅसवर वितळवते आणि नाकाजवळ धरते. चांगल्या सायीला तापल्यावर दुधाचा, खव्याचा वास येतो, आंबवलेली असेल तर आंबूस. घामट, साबणासारखा किंवा उग्र वास आला तर तो तुपातही येणारच. साय मात्र वरची घेऊ नका, चमचा तळाला घालून घ्या.

डोळ्यांनीही पाहा. आंबवलेल्या सायीवर थोडं पाणी सुटणं आणि आंबट वास येणं ठीक आहे. गुलाबी, हिरवे किंवा काळे ठिपके, चमच्याला तार येणं, झाकण फुगणं, दारूसारखा वास, यातलं काहीही दिसलं तर सगळी साय टाका. बुरशीचा ठिपका तेवढा काढून बाकीची वापरतात, ते करू नका. बुरशी दिसते त्याहून खोल गेलेली असते.

आता तुमचा फ्रीजमधला डबा. विरजण नाही, फ्रीजर नाही आणि बारा दिवस. माझ्या मते तो खाण्याच्या तुपासाठी वापरू नये. एवढी साय म्हणजे जवळजवळ किलोभर होते आणि टाकताना जीव तुटतो, हे मला माहीत आहे. पळीची परीक्षा करून पाहा, वास कसा ओळखायचा ते त्यातून कळेल, पण परीक्षेत पास झाली तरी मी ती घेणार नाही, कारण सगळा बिघाड वासातून कळत नाही. वरची तीन-चार दिवसांची साय वेगळी काढण्याचाही मोह नको. रोज त्याच डब्यात तोच झारा गेलाय.

डबा रिकामा झाला की झाकणाची रबरी कडी काढून वेगळी धुवा. सायीचा जुना वास आणि जंतू तिच्याच खाचेत बसतात, आणि दुसऱ्या डब्याची साय तिसऱ्याच दिवशी का बिघडली ते कळत नाही. डब्यात उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं ठेवा, मग उन्हात पुरता वाळवा. कडी चिकट किंवा पिवळी पडली असेल तर बदला. आज रात्रीची साय त्यात घालून अर्धा चमचा दही लावा, आणि झाकणावर कागदाची पट्टी चिकटवून आजची तारीख लिहा.